निरोप समारंभाचा स्लाइड शो: फोटोखाली नाव कोणतं आणि शब्द कोणाचे?

एसटीच्या आगारात निरोप समारंभ ठरला की फोटो आपोआप जमतात. कोणाच्या कपाटात खंडेनवमीचा ग्रुप फोटो निघतो, कोणी आषाढीच्या जादा वाहतुकीतला पाठवतं, कोणी विनाअपघात सेवेच्या सत्काराचा. स्लाइडवर फोटो बसवणं हे तासाभराचं काम. वेळ खातात त्या फोटोखालच्या दोन ओळी, कारण त्या ओळींत ज्यांची नावं असतात ती माणसं समोर खुर्च्यांवर बसलेली असतात. स्वतःच्या नावात ‘ळ’चा ‘ल’ झालेला त्यांना पहिल्याच क्षणी दिसतो. आपल्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलेलं तर त्याआधी दिसतं.

हा लेख तेवढ्याच कामाबद्दल आहे. नावं ज्याची त्याच्याकडून पक्की कशी करून घ्यायची, आठवणींचे शब्द कसे ठरवायचे आणि ते न बिघडता पडद्यापर्यंत कसे न्यायचे. उदाहरण म्हणून एका तालुक्याच्या आगारातल्या चालकाचा निरोप घेतला आहे. खालची सगळी नावं आणि किस्से नमुन्यासाठी रचलेले आहेत. कार्यालय तुमचं शाळेचं असो की पंचायत समितीचं, क्रम हाच राहतो.

आधी यादी, मग स्लाइड

बहुतेक जण उलटं करतात. पॉवरपॉइंट उघडतात, फोटो टाकतात, खाली सुचेल ते लिहितात आणि शेवटी कोणाला तरी ‘एकदा बघून घे’ म्हणतात. बघणारा फोटो बघत बसतो, नावं वाचत नाही.

त्याऐवजी एक साधी यादी करा. एक्सेलमध्ये करा किंवा वहीत, पण एकच ठेवा. प्रत्येक फोटोला क्रमांक द्या आणि फोटोतल्या प्रत्येक माणसासाठी एक ओळ ठेवा. त्या ओळीत फोटोतली जागा, पडद्यावर जायचं नाव, हुद्दा, मान्य झालेलं वाक्य, ते कोणी आणि कधी मान्य केलं, आणि फोटो कुठपर्यंत दाखवायला हरकत नाही, एवढं यायला हवं. शेवटचा रकाना लोक विसरतात. सभागृहात दाखवलेला स्लाइड शो त्याच रात्री व्हॉट्सअॅपच्या चार ग्रुपवर फिरतो आणि काही जणांना पहिलं चालतं, दुसरं नाही.

नियम एकच: स्लाइडवर हाताने काहीही टाइप करायचं नाही. यादीत जे पक्कं झालं तेच कॉपी करून चिकटवायचं. दुरुस्ती आली तरी आधी यादीत, मग स्लाइडवर. हे नाही पाळलं तर शेवटच्या दोन दिवसांत तीन वेगवेगळी ‘फायनल’ तयार होतात आणि जुनं चुकलेलं नाव परत येतं.

समारंभ साधारण महिन्याच्या शेवटच्या दिवशी असतो, कारण सेवा त्याच दिवशी संपते. तीन आठवडे आधी सुरुवात केली तर घाई होत नाही. मे महिन्यात मात्र आणखी आधी हात घाला. पूर्वी शाळेत नाव घालताना सर्रास १ जून ही जन्मतारीख लावली जायची आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी एकाच हॉलमध्ये तिघा-चौघांचा निरोप असणं नवलाचं नाही. मग प्रत्येकाला सारख्याच स्लाइड द्याव्या लागतात आणि एकाच्या ओळी रंगतदार, दुसऱ्याच्या कोरड्या असं होऊन चालत नाही.

फोटोत कोण आहे ते कसं ठरवायचं

छापील फोटो असेल तर मोबाइलवर त्याची प्रत काढा आणि प्रतीवर प्रत्येकाच्या डोक्यावर आकडा लिहा. मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, पुढच्या बाजूला वळ उठतो. आकडे घातलेली प्रत त्या काळात आगारात असलेल्या दोन जणांना वेगवेगळी पाठवा, एकाच ग्रुपवर नको. ग्रुपवर पहिल्याने ‘तिसरा जाधव’ म्हटलं की बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. दोघांची उत्तरं स्वतंत्रपणे जुळली तर ते नाव तात्पुरतं लिहायचं. पक्कं होतं ते त्या माणसाने स्वतः ‘हो, मीच’ म्हटल्यावर.

‘डावीकडून’ म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे विचारतानाच सांगा. फोटोत उभा असलेला माणूस स्वतःचा डावा हात धरून मोजतो.

जुना फोटो निगेटिव्हवरून स्कॅन केलेला असेल तर तो उलटा नाही ना, हेही बघा. बस मागे असेल तर पाटीवरचे आकडे लगेच सांगतात. बस नसेल तर पुरुषांच्या शर्टाचा खिसा बघा. तो अंगातल्या माणसाच्या डाव्या छातीवर असतो, म्हणजे आपल्याला उजवीकडे दिसायला हवा. सगळ्यांचे खिसे डावीकडे दिसत असतील तर फोटो आरशातला आहे आणि तुमची ‘डावीकडून’ची सगळी यादी उलटी पडणार आहे.

सालाबाबत कॅमेऱ्याने कोपऱ्यात छापलेल्या तारखेवर विसंबू नका. बॅटरी बदलल्यावर तारीख परत लावायची कोणाला आठवत नसे. मागची गाडी जास्त खरं बोलते. शिवशाही उभी दिसत असेल तर फोटो २०१७ च्या आधीचा असणं शक्य नाही, कारण त्या गाड्या त्याच वर्षी रस्त्यावर आल्या. साल पक्कं नसेल तर ‘कार्यशाळेतली खंडेनवमी’ एवढंच लिहा. चुकीचं साल लिहिलं की हॉलमध्ये ‘तेव्हा मी इथं नव्हतोच’ हा वाद सुरू होतो आणि पुढच्या चार स्लाइड कोणी बघत नाही.

नाव विचारायची रीत

पगारपत्रकात नावं इंग्रजी अक्षरांत असतात आणि बऱ्याचदा आडनाव आधी. तिथून मराठी नाव काढायला जाल तर फसाल. `KALE` म्हणजे काळे की काले? `SATHE` लिहून मराठी कीबोर्डवर उमटवलं तर ‘साथे’ येऊ शकतं आणि माणूस साठे असतो. `KANE` काणे असेल, काने असेल. ण आणि न, ळ आणि ल, ट आणि त, ड आणि द हे फरक इंग्रजी अक्षरांत दिसतच नाहीत.

म्हणून प्रश्न विचारताना आपलं लेखन आधी पुढे करू नका. ‘काळे, बरोबर ना?’ असं विचारलं की गाडी चालवता चालवता माणूस ‘हो हो’ म्हणतो. त्याला स्वतःला लिहू द्या. मी पाठवतो तो मजकूर असा असतो:

> ताई, नमस्कार. बऱ्हाटे अण्णांच्या निरोप समारंभात जुने फोटो दाखवणार आहोत. सोबतच्या फोटोत ३ आकडा आहे त्या तुम्ही आहात असं वाटतंय. एवढं कळवा:
> १. तुम्हीच ना?
> २. पडद्यावर तुमचं नाव कसं लिहू? मराठीत टाइप करा किंवा कागदावर लिहून फोटो पाठवा.
> ३. हुद्दा तेव्हाचा लिहू, आताचा लिहू की नकोच?
> ४. फोटो हॉलमध्ये दाखवायला चालेल ना? नंतर ग्रुपवर पाठवायला?
> शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा. उत्तर आलं नाही तर तुमचं नाव लिहिणार नाही. अण्णांना यातलं काही माहीत नाही, तेवढं सांभाळा.

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम आहे. गप्प राहणं म्हणजे होकार धरायचा नाही आणि हे आधीच सांगितलं की नंतर ‘माझं नाव का नाही’ असा रुसवा राहत नाही. मुक्कामी गाडीवर गेलेला माणूस दोन दिवस फोन बघत नाही, तेव्हा मुदत थोडी ढिली ठेवा आणि एकदा फोन जरूर करा.

बरेच जण उत्तर इंग्रजी अक्षरांत देतात. मग फोन करून अक्षरं म्हणून घ्या: ‘ळ, बाळातला?’ ‘ण, बाणातला?’ गणवेशावरच्या नावाच्या पट्टीचा फोटो मागवला तरी चालतो, पण पट्टीवरचं नावही शेवटी त्यालाच दाखवा. पट्ट्या एकगठ्ठा बनवून येतात.

नावाआधीच्या उपाध्यांचं काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. ‘सौ.’ लिहिलं तर नवरा हयात आहे असं तुम्ही जाहीर करता. ‘श्रीमती’ सरकारी कागदावर सगळ्या स्त्रियांना लागतं, पण आपल्याकडे अनेक घरांत ते विधवेच्या नावाआधी वाचलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: पडद्यावर श्री., सौ., श्रीमती कोणालाच लावू नये. नाव, आडनाव, हवं तर हुद्दा. आगार व्यवस्थापकांनाही तेच. एकाला ‘मा.’ लावलं की बाकीच्यांना का नाही, याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

लग्नाआधी आणि नंतर नाव बदललेल्या सहकारी असतील तर अंदाज बांधू नका. काहींना जुन्या फोटोखाली जुनंच नाव हवं असतं, काहींना दोन्ही आडनावं, तर काहींनी माहेरचं नाव परत घेतलेलं असतं आणि त्यांना मधल्या काळातलं नाव पडद्यावर मुळीच नको असतं. कारण विचारायचं नाही. त्या सांगतील ते यादीत लिहायचं.

गेलेल्या सहकाऱ्यांची नावं

जुन्या ग्रुप फोटोत एखादा तरी आता नसतो. त्याचं नाव घरच्यांकडून पक्कं करायचं आणि नावाआधी काय लिहायचं तेही त्यांनाच विचारायचं. हात सवयीने ‘कै.’ लिहितो. पण ‘कै.’ म्हणजे कैलासवासी आणि तो शब्द सगळ्यांचा नाही. बौद्ध घरात ‘कालकथित’ लिहितात, मुस्लिम घरात ‘मरहूम’, बऱ्याच ख्रिस्ती घरांत ‘दिवंगत’. काही घरचे म्हणतात, काहीच लावू नका, नुसतं नाव लिहा. एकाच स्लाइडवर दोन गेलेले सहकारी असतील आणि दोन घरांनी वेगळे शब्द दिले तर दोन्ही तसेच ठेवा. एकसारखं दिसावं म्हणून बदलू नका.

फोन कोणी करायचा हेही ठरवा. त्या घराशी ज्याचं जाणं-येणं आहे त्याने करावा, स्लाइड बनवणाऱ्या पोराने नव्हे. आणि तो फोटो कार्यक्रमात दाखवणार आहोत हे घरच्यांना आधी कळलेलं असावं, विशेषतः ते समारंभाला येणार असतील तर.

एका फोटोचं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता एक फोटो घेऊ. खंडेनवमीचा दिवस, कार्यशाळेत बसला झेंडूचे हार, पुढे सहा जण उभे. समितीतल्या कोणीतरी पहिला मसुदा दिला तो असा:

> बऱ्हाटे अण्णा आणि गँग! खंडेनवमी १९९८. डावीकडून कुर्हाडे, सौ. सुनंदा काळे, अण्णा, शेख इक्बाल, कै. गायकवाड, अनोळखी.

वाचायला झकास, पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कोणाला तरी विचारायला हवी.

कुऱ्हाडे यांनी कागदावर नाव लिहून पाठवलं तेव्हा कळलं की मसुद्यातला ‘र्हा’ चुकीचा आहे. त्यांच्या नावात र नाजूक, डोळ्याच्या पापणीसारखा येतो: ऱ्हा. हा ‘ऱ’ वेगळा टाइप करावा लागतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर `Shift+J`, मग `d`, मग `u` दाबलं की ‘ऱ्ह’ मिळतो. बऱ्हाटे, गोऱ्हे, तऱ्हाळे अशा आडनावांत हाच घोटाळा होतो, आणि इथं तर निवृत्त होणाऱ्याचंच नाव त्यात आहे.

सुनंदाताईंनी कळवलं की त्या वर्षी त्या जाधव होत्या, बिल्ल्यावरही तेच होतं, या फोटोखाली ‘सुनंदा जाधव’च लिहा, पुढच्या फोटोंत ‘सुनंदा काळे’. यादीत दोन ओळींत दोन नावं आली. शेजारी ‘मुद्दाम वेगळी’ असा शेरा मारला, नाहीतर शेवटच्या वाचनात कोणीतरी भल्या हेतूने एकसारखी करून टाकतं.

पगारपत्रकातलं ‘शेख इक्बाल’ त्यांच्या सांगण्यानुसार ‘इक्बाल शेख’ झालं. आगारात सगळे त्यांना इक्बालभाई म्हणतात. ते लिहू का, असं विचारल्यावर त्यांनी कॅप्शनमध्ये नाव आणि वाक्यात ‘भाई’ चालेल असं सांगितलं.

गायकवाड यांच्या मुलाने ‘कालकथित’ लिहायला सांगितलं आणि वडिलांचं पूर्ण नाव दिलं: भीमराव गायकवाड. साल विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं की वडील या आगारात २००१ ला बदलून आले. म्हणजे १९९८ गेलं. सुनंदाताईंकडे त्याच दिवशीचा दुसरा फोटो होता आणि त्याच्या मागे तेव्हाच लिहिलेलं ‘२००४’ होतं.

सहावा अनोळखी नव्हता. सगळ्यांना माहीत होता. नोकरी सोडून गेलेला होता आणि त्याने फोनवर शांतपणे सांगितलं, माझं नाव नको, फोटो राहू दे. इथं नुसतं नाव गाळून भागत नाही, कारण ‘डावीकडून’ लिहिलेली यादी एकाने कमी पडली की बघणारे मोजतात आणि कोण राहिला ते कुजबुजतात. तो टोकाला उभा होता म्हणून शेवटी ‘आणि सहकारी’ लिहिलं. मधे असता तर ‘डावीकडून’ हा शब्दच काढून ‘फोटोत’ असं लिहिलं असतं. ‘अनोळखी’ कधीच लिहू नये. समोर बसलेल्या एखाद्याला तो ओळखीचा असतोच.

‘गँग’ हा शब्द कुऱ्हाडे, सुनंदाताई आणि इक्बालभाई या तिघांना विचारला. दोघांना आवडला, एकाला नाही. एकाला नको म्हणजे नको. तयार झालं ते असं:

> खंडेनवमी २००४, आगाराची कार्यशाळा
> डावीकडून: रमेश कुऱ्हाडे, सुनंदा जाधव, विठ्ठल बऱ्हाटे, इक्बाल शेख, कालकथित भीमराव गायकवाड आणि सहकारी

स्वतः बऱ्हाटे अण्णांना विचारायचं नव्हतं, कारण स्लाइड शो त्यांच्यासाठी गुपित होता. त्यांचं नाव मुलीकडून घेतलं. तिने दोन गोष्टी आणखी सांगितल्या: ‘विठ्ठलराव’ त्यांना आवडत नाही, आणि अपघातानंतर सहा महिने घरी होते तेव्हाचा फोटो दाखवू नका. गुपित ठेवायचं असेल तर घरातला एक माणूस विश्वासात घ्यावाच लागतो. नकोशा गोष्टींची यादी तिथूनच मिळते.

आठवणीचं वाक्य ठरवताना

काही फोटोंखाली नावांऐवजी कोणाचं तरी बोलणं छान दिसतं. पण माणूस फोनवर पाच मिनिटं बोलतो आणि स्लाइडवर पंधरा शब्द मावतात. मधली छाटणी तुम्ही करता, म्हणून ती त्याला परत दाखवायलाच हवी.

इक्बालभाईंनी आषाढीच्या जादा वाहतुकीची आठवण सांगितली. पंढरपूरच्या वाटेवर गाडी बंद पडली, गाडीत वारकरी, रात्रीची वेळ. अण्णांनी घाई केली नाही, आधी सगळ्यांना चहा, मग बॉनेट. पुढे उशिराबद्दल मेमो कसा आला आणि कोणी दिला, तेही त्यांनी रंगवून सांगितलं. पहिली छाटणी झाली ती अशी:

> ‘गाडी बंद पडली तेव्हा अण्णांनी आधी वारकऱ्यांना चहा पाजला, मग बॉनेट उघडलं.’

मेमोचा भाग वगळला, कारण मेमो देणारे साहेब निवृत्त असले तरी पाहुणे म्हणून येणार होते आणि त्यांना विचारलेलं नव्हतं. तिसऱ्याबद्दलचं वाक्य असेल तर तिसऱ्याचीही संमती लागते. ती मागण्यासारखी नसेल तर तेवढा भाग सोडायचा.

हे वाक्य इक्बालभाईंना पाठवल्यावर उत्तर आलं: ‘पाजला वगैरे नको. चहा मी आणला, पैसे अण्णांनी दिले.’ बघा, दुरुस्तीच मूळ वाक्यापेक्षा सरस आहे. शेवटी असं ठरलं:

> ‘गाडी बंद पडली. चहा मी आणला, पैसे अण्णांनी दिले, मग बॉनेट उघडलं.’
> इक्बाल शेख, वाहक

छाटताना शब्द काढायचे, स्वतःचे घालायचे नाहीत. ‘पाजला’ हा शब्द लिहिणाऱ्याचा होता आणि तोच खटकला. बोलीचंही तसंच. कोणी ‘अण्णानं’ म्हटलं असेल तर ते परस्पर ‘अण्णांनी’ करू नका, आणि आपल्याला गोड वाटतं म्हणून परस्पर बोलीतच ठेवूही नका. काहींना आपलं बोलणं पडद्यावर तसंच दिसावं असं वाटतं, काहींना ते थट्टेसारखं वाटतं. दोन्ही प्रकारे लिहून पाठवा आणि निवडू द्या.

टोपणनावांच्या बाबतीत मी कडक आहे. शेडमध्ये वीस वर्षं हाक मारलेलं ‘जाड्या’ किंवा ‘काळ्या’ बायको-मुलांसमोर सहा फुटी पडद्यावर वेगळं दिसतं. माणूस हसून ‘चालेल’ म्हणाला तरी मी एकदा विचारतो, घरचे येणार आहेत का? बऱ्याचदा उत्तर बदलतं.

होकार आला की तो यादीत ‘व्हॉट्सअॅपवर, १२ तारीख’ असा नोंदवा. फोनवर मिळाला असेल तर लगेच शेवटचं वाक्य टाइप करून पाठवा आणि ‘हेच लावतोय’ असं लिहा, म्हणजे लेखी राहतं.

ओळ पडद्यावर बसवताना

नावाला विभक्ती लावायचं टाळा. ‘बऱ्हाट्यांनी’, ‘पाटलांना’, ‘काळ्यांचा’ हे बोलताना सहज येतं, पण पक्कं करून घेतलेलं लेखन त्यात बदलतं आणि काही आडनावांचं तर विचित्रच रूप होतं. ‘विठ्ठल बऱ्हाटे यांचा सत्कार’ असं लिहिलं की नाव यादीतल्यासारखंच राहतं.

एका स्लाइडवर दोन ओळी, फार तर तीन. रुंद स्लाइडवर अक्षर २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. मागच्या रांगेत चष्मा विसरलेले लोक बसतात. नाव एका ओळीत आणि आडनाव दुसऱ्या ओळीत तुटत असेल तर आधीच `Shift+Enter` देऊन ओळ तोडा. ओळी फोटोच्या खाली न ठेवता वरच्या पट्टीत ठेवल्या तर बरं. आगारातल्या हॉलमध्ये पडदा खाली लागतो आणि त्याच्यापुढे हार, शाल-श्रीफळाचं टेबल येतं. खालची ओळ त्यामागे जाते.

वेळ ठरवायला घड्याळापेक्षा वाचन बरं. कॅप्शन सावकाश, मोठ्याने दोनदा वाचा. तेवढा वेळ स्लाइड राहू द्या. एका ओळीच्या स्लाइडला सात-आठ सेकंद पुरतात, वरच्या सहा जणांच्या फोटोला पंधरा लागतात. `Transitions` मध्ये `After` समोर प्रत्येक स्लाइडचा वेळ वेगळा टाका. सगळ्यांना एकच वेळ लावला की नेमके नावांचे फोटो पळतात.

पॉवरपॉइंटच्या `Insert > Photo Album` मधून एकदम फोटो टाकताना `Captions below ALL pictures` वर खूण करू नका. ते कॅप्शन म्हणून फाइलचं नाव उचलतं आणि एखाद्या स्लाइडवर ते तसंच राहून जातं.

फॉन्ट युनिकोड हवा: नोटो सान्स देवनागरी, मुक्ता किंवा विंडोजमधला निर्मला. निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘ऱ्ह’, ‘ज्ञ’, ‘क्ष’ टाइप करून बघा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेली नावं ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथं निरर्थक अक्षरं होऊन दिसतात, आणि हॉलमधला लॅपटॉप नेहमी दुसऱ्याचाच असतो. विंडोजवर `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` निवडा. शिवाय `File > Export > Create a Video` ने एमपी४ प्रत काढून ठेवा. ती कुठेही तशीच दिसते, पण तिच्यात ऐनवेळी दुरुस्ती करता येत नाही, म्हणून मूळ फाइलही पेनड्राइव्हवर न्या.

शेवटचं वाचन

दोन जण बसा. एकाच्या हातात यादी, दुसऱ्यासमोर स्लाइड. यादीवाल्याने नाव अक्षर-अक्षर वाचायचं, स्लाइडवाल्याने फक्त पडद्याकडे बघायचं. ज्याने स्लाइड बनवल्या त्याने स्लाइडकडे बसू नये, त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. शंका आली तर तिथल्या तिथे फोन. ‘असंच असेल’ म्हणून पुढे जायचं नाही.

एवढं झाल्यावर ज्यांच्या तोंडी वाक्य आहे त्यांना त्यांच्या स्लाइडचा फोटो पाठवा, पूर्ण शो नव्हे. पूर्ण शो पाठवला की तो अण्णांपर्यंत पोचतोच. पहिल्यांदा होकार देताना त्यांनी नुसते शब्द पाहिलेले असतात. आता ते शब्द कोणत्या फोटोखाली आहेत तेही त्यांना दिसतं आणि कधी कधी तिथं मत बदलतं. बदललं तर वाक्य काढा. होकार परत घ्यायचा हक्क पडदा लागेपर्यंत असतो.

समारंभानंतर ग्रुपवर पाठवायची प्रत वेगळी करा. यादीतला शेवटचा रकाना बघून ‘फक्त हॉलमध्ये’ म्हटलेल्यांच्या स्लाइड त्यातून वगळा, आणि मगच एमपी४ काढा. अण्णांना घरी द्यायच्या पेनड्राइव्हवर मात्र सगळ्या स्लाइड हव्या असतील, तर तेही त्या मोजक्या जणांना आधी विचारून ठेवा.